बैठकीचा उतारा हाती आला. आता लिहायचे काय?



आजकाल गावोगावी शेतकऱ्यांचे गट झाले, उत्पादक कंपन्या झाल्या आणि त्यांच्या बैठकाही वाढल्या. पूर्वी बैठकीत एकजण वहीत टिपणे घेई. आता कोणीतरी फोन मध्ये ठेवून सगळे बोलणे मुद्रित करून घेतो आणि नंतर ते शब्दन् शब्द उतरवून काढले जाते. मग हा दहा-पंधरा पानांचा उतारा घरातल्या लिहित्या-वाचत्या माणसाच्या फोनवर येऊन पडतो. ते माणूस म्हणजे बहुधा शिकलेली सूनबाई किंवा कॉलेजात जाणारा मुलगा. उताऱ्याबरोबर "हे नीट करून दे" एवढेही लिहिलेले नसते. मग प्रश्न पडतो, नीट म्हणजे काय?

या उताऱ्यातून तीन वेगवेगळे कागद निघू शकतात. पहिला म्हणजे इतिवृत्त, ज्याला आपण प्रोसिडिंग म्हणतो. कोण हजर होते, कोणता विषय निघाला आणि काय ठरले याची ती सही होणारी नोंद असते. दुसरा कागद कामांची यादी. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचे एवढेच तीत असते. तिसरा कागद गोषवारा. जो बैठकीला नव्हता त्याला दोन मिनिटांत झाले काय ते कळावे, इतकाच त्याचा उपयोग.

पुष्कळजण तिन्ही एकत्र करून चार पानांचा एकच कागद पाठवतात. त्यातून प्रोसिडिंग लिहिणाऱ्याला गोषवाऱ्याची वाक्ये उपटावी लागतात आणि ज्याच्यावर काम आहे त्याला आपले नाव शोधत बसावे लागते. तेव्हा एक कागद आधी निवडावा. निवडायचा कसा, ते आज पाहू.

दोन तोटे मनात धरा

कोणता कागद लिहावा हे ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. हा कागद उशिरा मिळाला तर किती तोटा होईल? आणि हा कागद चुकीचा लिहिला गेला तर किती तोटा होईल?

इतिवृत्ताला उशिराचा तोटा थोडा आणि चुकीचा तोटा मोठा. शेतकरी उत्पादक कंपनीचे उदाहरण घ्या. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे संचालकांच्या सभेचे इतिवृत्त सभा संपल्यापासून ३० दिवसांच्या आत इतिवृत्ताच्या पुस्तकात जायला हवे. म्हणजे हाताशी वेळ असतो. पण एकदा अध्यक्षांची सही झाली की तो कागद पुरावा बनतो. जे ठरलेच नाही ते "ठरले" म्हणून त्यात गेले, तर पुढे वाद उभा राहतो आणि तो निस्तरणे जड जाते.

कामांच्या यादीचे उलटे आहे. तीत एखादी चूक झाली तर ज्याचे काम तो फोन करून दुरुस्त करतो. पण यादी आठ दिवस उशिरा आली तर कामाची तारीखच निघून जाते. खरिपाच्या तोंडावर आठ दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

गोषवाऱ्याला दोन्ही तोटे कमी. म्हणूनच काहीच कळत नसेल तेव्हा गोषवारा हा सर्वांत बिनधोक कागद. पण बिनधोक आहे म्हणून तो नेहमीच कामाचा असतो असे नाही.

उतारा स्वतःच सांगतो

कोणी सांगितले नसले तरी पाठवणाऱ्याला काय हवे याच्या खुणा उताऱ्यातच असतात. पेन्सिल घेऊन सगळा उतारा एकदा वाचावा आणि समासात तीनच खुणा कराव्यात. जिथे निर्णय झाला तिथे "ठ", जिथे कोणी काम अंगावर घेतले तिथे "का", आणि बाकी सगळीकडे "च", म्हणजे चर्चा. या पहिल्या वाचनात एकही वाक्य लिहू नये.

सुरुवातीला हजेरी घेतली असेल, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" असा विषय असेल, सूचक आणि अनुमोदक यांची नावे पुकारली असतील, तर ती रीतसर सभा होय. तिचे इतिवृत्त कधी ना कधी लागणारच. उताऱ्यात "का"च्या खुणा पुष्कळ आणि तारखा जवळच्या असतील, तर यादी आधी हवी. आणि सगळा "च"च असेल, म्हणजे बाहेरून कोणी माहिती द्यायला आले, लोकांनी प्रश्न विचारले आणि पांगले, तर गोषवारा पुरे. अशा बैठकीतून ओढूनताणून कामांची यादी काढू नये.

उतारा कोणी पाठवला आणि कधी पाठवला, हेही पाहावे. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकाने पाठवला असेल तर त्याला पुढच्या कामाची घाई असणार. महिना भरत आल्यावर किंवा हिशेबतपासणीच्या आधी पाठवला असेल तर त्याला प्रोसिडिंग बुक पुरे करायचे असणार. आणि बैठकीला न आलेल्या संचालकाने पुण्याहून पाठवला असेल तर त्याला गोषवारा हवा असतो.

आता हे सगळे एका उदाहरणावर चालवून पाहू. बैठक समजण्यासाठी रचलेली आहे, पण अशी बोलणी तुम्ही दर मे महिन्यात ऐकत असाल.

१० मेची सभा

एका सोयाबीन उत्पादक कंपनीचे नऊ संचालक आहेत. १० मेला सभा झाली आणि सहाजण हजर होते. उत्पादक कंपनीत सभेला संचालकांपैकी निदान एक तृतीयांश, आणि ते तिघांपेक्षा कमी नाहीत, इतके हजर लागतात. म्हणजे गणपूर्ती झाली. अध्यक्ष आबा. विषय तीन होते: बीबीएफ पेरणी यंत्राचे भाडे, बियाणे आणि गोदाम. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाने चौदा पानांचा उतारा सूनबाईंच्या फोनवर पाठवला. बरोबर एक अक्षरही नव्हते.

पहिल्या विषयाचा उतारा असा होता.

आबा: यंत्राचं भाडं सभासदाला एकरी ८०० आणि बाहेरच्याला १,००० ठेवू.
अक्का: मी मांडते.
तात्या: माझं अनुमोदन.
नाना: बाहेरच्याला यंत्र देऊच नये. माझा विरोध लिहून घ्या.
आबा: नानांचा विरोध धरून बाकी सगळे कबूल? मग झालं.

इथे "ठ" स्पष्ट आहे. सूचक आहे, अनुमोदक आहे, विरोध आहे आणि अध्यक्षांनी निकाल सांगितला आहे.

दुसरा विषय बियाण्याचा.

नाना: माझ्याकडे घरचं चाळीस पोती आहे, सगळं देऊन टाकतो.
अक्का: आधी उगवण तपासा, मग देण्याचं बोला.
नाना: हो हो, ते तर आहेच.
व्यवस्थापक: १२० एकरांना छत्तीस पोती लागतील.
तात्या: उगवण मी तपासतो. २० तारखेला सांगतो.
आबा: कमी निघाली तर दुसरीकडून घ्यायचं. २५ च्या आत बघून टाकू.

आणि तिसरा विषय गोदामाचा. त्यावर तब्बल आठ पाने बोलणे झाले. जागा कोणाची, रस्ता कुठून, मागच्या वेळी कोणी काय अडवले, हे सगळे निघाले. शेवटी आबा म्हणाले, "पुढच्या सभेत बघू."

पाने मोजू नका

पहिली गोष्ट लक्षात घ्या. चौदापैकी आठ पाने गोदामाची आहेत, म्हणून लिहिताना हात आपोआप गोदामाकडेच वळतो. पण त्या आठ पानांत "ठ" एकही नाही आणि "का"ही नाही. इतिवृत्तात गोदामाला एकच ओळ: "गोदामाच्या जागेबाबत चर्चा झाली, विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले." त्या भांडणात कोण कोणाला काय बोलले ते लिहायचे नाही. कोणाची बदनामी करणारा, विषयाला सोडून असलेला किंवा कंपनीच्या हिताला बाधणारा मजकूर इतिवृत्तातून वगळण्याचा अधिकार कायद्यानेच अध्यक्षांना दिला आहे. म्हणूनच शब्दशः उतारा प्रोसिडिंग बुकात जसाच्या तसा उतरवत नाहीत.

दुसरी गोष्ट, आपल्या बोलण्यातले काही शब्द ठरावासारखे भासतात, पण ते ठराव नसतात. नाना "देऊन टाकतो" म्हणाले, पण अक्कांनी हरकत घेतल्यावर त्यांनी "हो हो" म्हटले. म्हणजे मागचे बोलणे पुढच्या बोलण्याने बदलले. "नानांनी ४० पोती देण्याचे ठरले" असे लिहिले तर ते खोटे होईल. "उगवण तपासून बियाणे घेण्यावर विचार झाला" एवढेच खरे. आपल्याकडे "हो हो"चा अर्थ नुसता "ऐकले" असाही असतो.

"बघून टाकू" हाही असाच शब्द. यात तारीख आहे, पण करणारा नाही. यादीत हे काम लिहावे आणि नावाच्या जागी "ठरले नाही" असे लिहावे. आपल्या मनाने व्यवस्थापकाचे नाव घालू नये. रिकामी जागा दिसली की आबा स्वतःच ती भरतील.

तिसरी गोष्ट आकड्यांची. व्यवस्थापक "छत्तीस पोती" म्हणाले. सोयाबीनचे बियाणे एकरी ३० किलो धरतात, म्हणजे १२० एकरांना ३,६०० किलो, अर्थात ३६ क्विंटल. पोते ६० किलोचे धरले तर छत्तीस पोत्यांत २१ क्विंटल ६० किलोच येईल. म्हणजे त्यांना क्विंटल म्हणायचे असावे. पण आपण गुपचूप दुरुस्ती करायची नाही. "उताऱ्यात ३६ पोती, हिशेबाने ३६ क्विंटल येते, खात्री करावी" असे लिहायचे. हा फरक साध्या चुकीचा नाही. नानांची चाळीस पोती म्हणजे २४ क्विंटल, तेव्हा सगळी घेतली तरी १२ क्विंटल कमीच पडते. हे १२ क्विंटल कोणाच्या ध्यानात आले नाही तर पेरणीच्या वेळी ४० एकरांना बियाणे उरणार नाही.

मग आधी कोणता कागद?

सभा रीतसर आहे, म्हणून इतिवृत्त लागणारच. पण त्याला ९ जूनपर्यंत मुदत आहे. यादीतली पहिली तारीख मात्र २० मे आहे आणि त्याच्या मागे दडलेली तारीख त्याहून जवळ आहे. उगवण तपासायला शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, गोणपाट ओले राखतात आणि पाच ते सात दिवसांनी कोंब मोजतात. २० तारखेला आकडा सांगायचा तर दाणे १३ तारखेच्या आत गोणपाटात जायला हवेत. उतारा आला ११ मेला. हातात दोन दिवस आहेत.

म्हणून सूनबाईंनी आधी व्यवस्थापकांना फोन करावा आणि एकच प्रश्न विचारावा: "काका, यावरून लोकांना कामं कळवायची आहेत की प्रोसिडिंग लिहायचं आहे?" "याचं काय करू?" असे मोघम विचारले तर "कर काहीतरी नीट" असेच उत्तर मिळते. दोन पर्याय पुढे ठेवले की माणूस एक उचलतो.

फोन लागला नाही तर त्याच संध्याकाळी यादी पाठवावी. ती अशी:

"१० मेच्या सभेतील कामे. (हे इतिवृत्त नव्हे.)
१. नानांच्या बियाण्याची उगवण तपासणे: तात्या, २० मे. दाणे १३ मेपर्यंत भिजत घालावे लागतील.
२. उगवण कमी निघाल्यास दुसरीकडून बियाणे घेणे: नाव ठरले नाही, २५ मे.
३. बियाणे ३६ पोती की ३६ क्विंटल, याची खात्री: व्यवस्थापकांनी कळवावे.
इतिवृत्ताचा मसुदा हवा असल्यास सांगावे, उताऱ्यावरून करून देते."

पहिल्या कामात १३ मेची तारीख सभेत कोणी बोलले नव्हते, पण ती हिशेबाने निघते. म्हणून ती वेगळ्या वाक्यात लिहिली आहे. तिसरे कामही सभेतले नाही, लिहिणाऱ्याच्या शंकेतून आले आहे. त्यात "ठरले" हा शब्द नाही. आणि "कमी निघाली तर" म्हणजे किती, हे सभेत कोणी सांगितले नाही. सोयाबीनच्या बियाण्याला उगवण ७० टक्के हवी हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे, पण सभेच्या तोंडी तो आकडा घालू नये. फार तर तात्यांना तोंडी आठवण द्यावी.

प्रोसिडिंग मागितलेच तर

व्यवस्थापकांचा उलट फोन आला आणि इतिवृत्तच हवे म्हणाले, तर मसुदा वेगळ्या भाषेत लिहायचा. त्यात सभेची तारीख, वेळ, ठिकाण आणि हजर संचालकांची नावे आधी येतात. यंत्राचा ठराव असा होईल: "बीबीएफ पेरणी यंत्राचे भाडे सभासदांस एकरी ८०० रुपये व इतरांस एकरी १,००० रुपये ठेवण्यात यावे. सूचक अक्का, अनुमोदक तात्या. नाना यांनी विरोध नोंदविला. ठराव बहुमताने मंजूर." प्रत्यक्षात इथे पूर्ण नावे येतील. नानांचा विरोध गाळायचा नाही. जो संचालक ठरावाशी सहमत नाही त्याचे नाव लिहावे, असे कायदा सांगतो.

वर ठळक अक्षरात "मसुदा" लिहावे. तुमचे काम मसुद्यापर्यंतच. पुस्तकाच्या पानांना ओळीने आकडे असतात, प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही किंवा आद्याक्षरे होतात आणि शेवटच्या पानावर तारखेसह सही होते. फोनवर आलेला कागद छापून तो पुस्तकात डकवणे चालत नाही. नियमांनी तशी मनाई आहे.

आणि तोच उतारा पुण्याच्या संचालकाने मागवला असता, तर गोषवारा एवढा पुरला असता: "१० मेच्या सभेला सहाजण होते. यंत्राचे भाडे सभासदांना एकरी ८०० आणि बाहेरच्यांना १,००० ठरले. नानांचा विरोध होता. नानांचे घरचे बियाणे घेण्याचा विचार आहे, पण आधी तात्या उगवण तपासून २० तारखेला सांगतील. गोदामाचा विषय पुढच्या सभेवर गेला." पाचच वाक्ये. त्याने आणखी विचारले तर आणखी सांगता येते.

चुकीचा कागद गेला हे कसे ओळखावे?

कागद पाठवल्यावर येणारे फोन ऐकावेत. "ते ठीक, पण मी करायचं काय?" असे कोणी विचारले तर यादी हवी होती आणि तुम्ही दुसरेच पाठवले. "सगळं वाचलं, पण ठरलं काय?" असे विचारले तर गोषवारा हवा होता. आणि "असं काही ठरलंच नव्हतं" असे कोणी म्हणाले तर तुम्ही चर्चेचा ठराव केला आहे. पहिल्या दोन चुका दुसरा कागद पाठवून निस्तरता येतात. तिसऱ्या चुकीसाठी मात्र उतारा पुन्हा काढून ते पान, ते वाक्य शोधावे लागते, आणि ते अध्यक्षांची सही होण्याच्या आत करावे लागते. म्हणून सही होईपर्यंत मूळ मुद्रण आणि उतारा दोन्ही जपून ठेवावे.